आईच्या ऑपरेशननंतर बिनपगारी रजा हवी आहे, एचआरला पत्र कसं लिहू?

मृण्मयी_न (१२ जून, रात्री ११:०५)

हॉस्पिटलमधूनच लिहितेय. आई ७२ वर्षांची. शनिवारी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी, ९ जूनला ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदललाय. परवा घरी सोडणार आहेत. बाबा नाहीत, भाऊ बंगळूरला असतो, तो पंधरा दिवसांसाठी आलाय.

मी नाशिकला एका खासगी कारखान्यात अकाउंट्समध्ये आहे, सव्वाचार वर्षं झाली. आठवड्याला सहा दिवस काम. तीन सीएल बुधवारपर्यंत संपल्या. आजपासून पीएल सुरू केली, ती १२ शिल्लक आहे. आमचे साहेब म्हणाले, "तू जा, आईकडे बघ, ऑफिसचं आम्ही बघतो." पण एचआर म्हणतं, लेखी द्या. मी असं लिहिलंय (द्यायचं इंग्रजीत आहे, पण आधी मराठीत नीट बसवतेय):

"महोदय, माझ्या आईचे मोठे ऑपरेशन झाले असून तिची प्रकृती नाजूक आहे. घरी तिच्याकडे पाहणारे दुसरे कोणी नाही. परिस्थिती अत्यंत बिकट असल्याने मला साधारण दोन ते तीन महिने बिनपगारी रजा मंजूर करावी. आपण सहानुभूतीपूर्वक विचार कराल ही आशा."

वाचून सांगाल का, यात काय कमी आहे?

भास्कर_सातारा (१२ जून, रात्री ११:४०)

ताई, आईंना लवकर बरं वाटो. हक्काची रजा संपली की असाधारण रजेचा अर्ज करायचा. आमच्या शाळेत विहित नमुना असतो, मुख्याध्यापकांमार्फत वर पाठवतात. मंजुरीला वेळ लागतो, पण मिळते. मी २०१६ साली वडिलांच्या वेळी घेतली होती.

मृण्मयी_न (१२ जून, रात्री ११:५२)

सर, आभारी आहे. पण आमची खासगी कंपनी आहे. रजेच्या धोरणात बिनपगारी रजेबद्दल "व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार" एवढंच लिहिलंय.

विदुला_न्यूजर्सी (१३ जून, सकाळी ६:१५)

मृण्मयी, तू विनंती का करते आहेस? हा हक्क आहे. आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा द्यावीच लागते आणि परत आल्यावर तीच किंवा तशीच नोकरी द्यावी लागते. माझ्या बाबांचं बायपास पुण्यात झालं तेव्हा मी इथून अशीच रजा घेऊन आले होते. पुण्याच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेटही चाललं.

सेवापुस्तक (१३ जून, सकाळी ८:३०)

विदुलाताई, तुम्ही म्हणता तो अमेरिकेचा १९९३ चा कायदा. तिथेही कंपनीत ५० माणसं हवीत, वर्षभर नोकरी झालेली हवी आणि त्या वर्षात १,२५० तास काम भरलेलं हवं. आपल्याकडे खासगी नोकरीत आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी बिनपगारी रजा द्यावीच असा कायदा नाही. म्हणजे मृण्मयीताईंना विनंतीच करावी लागणार, आणि म्हणूनच पत्र नीट हवं. हक्क असता तर चार ओळी पुरल्या असत्या.

मी २८ वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेलमध्ये काढली, अशी पत्रं टेबलावर खूप आली. ताई, तुमच्या पत्रातलं दुःख खरं आहे, पण ते वाचून एचआरला काहीच करता येत नाही. "साधारण दोन ते तीन महिने" हे हजेरीच्या सिस्टिममध्ये भरता येत नाही. तिथे पासून आणि पर्यंत अशा दोन तारखा लागतात. तारखा नसल्या की पत्र "चर्चा करू" म्हणून बाजूला पडतं. इकडे पीएल संपते, पंच पडत नाही, सिस्टिम गैरहजर दाखवते आणि आठ-दहा दिवसांनी न कळवता गैरहजर असल्याचं पत्र घरी येतं. साहेबांनी तोंडी "जा" म्हटलेलं तेव्हा कुठेच दिसत नाही. साहेब खोटं बोलतात असं नाही, पण त्यांची बदली झाली तर?

म्हणून आधी सांगा: पीएल नक्की कोणत्या तारखेला संपते आणि डॉक्टरांनी पुढचं काय सांगितलंय?

आनंद_जी (१३ जून, सकाळी ९:१०)

माझा सल्ला, बिनपगारी घेऊच नका. बिनपगारी रजेने सर्व्हिस ब्रेक होते आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तुमची सव्वाचार झालीत, नुकसान होईल. पीएफपण थांबतो.

सेवापुस्तक (१३ जून, सकाळी ९:४५)

आनंदराव, पीएफचं बरोबर आहे. पगार नाही तर वर्गणी नाही, ना कामगाराची ना कंपनीची. ते दिवस पीएफच्या विवरणात वर्गणी नसलेले दिवस म्हणून दाखवतात आणि पेन्शनच्या सेवाकाळातून वगळतात. पण ग्रॅच्युइटीचं तसं नाही. मंजूर रजेने सेवा खंडित होत नाही, ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच तशी तरतूद आहे. मंजुरी न घेता गैरहजर राहिलात आणि कंपनीने सेवाखंडाचा आदेश काढला, तर मात्र अडचण. धोका बिनपगारीचा नाही, मंजुरी नसण्याचा आहे. आमच्या कारखान्याच्या स्थायी आदेशांत होतं की मंजूर रजा संपून आठ दिवसांत हजर झाला नाही आणि कारण पटवून दिलं नाही, तर जागेवरचा हक्क जातो. त्या आठ दिवसांत नोकरी घालवलेली माणसं मी पाहिलीत. त्यांच्या घरचं कारण खरं होतं, कागद नव्हता.

मृण्मयी_न (१३ जून, दुपारी २:२०)

रविवार सोडून मोजलं तर पीएल २५ जूनला, बुधवारी संपते. म्हणजे बिनपगारी २६ पासून. टाके २३ ला काढणार. सहा आठवड्यांनी, २१ जुलैला एक्स-रे आणि तपासणी. बारा आठवडे १ सप्टेंबरला होतात, डॉक्टर म्हणाले तोवर जपायचं. त्यांच्याकडून कागद घेतलाय, त्यावर आजाराचं नाव आणि "विश्रांतीचा सल्ला" एवढंच आहे.

सई_फिजिओ (१३ जून, दुपारी ३:०५)

मृण्मयीताई, तो कागद बदलून घ्या, तेही डिस्चार्जच्या आधी, वॉर्डातले डॉक्टर हाताशी असताना. "विश्रांतीचा सल्ला" हे या ऑपरेशनला शोभतही नाही, कारण तुमच्या आईंना दुसऱ्या दिवसापासून वॉकरवर उभं केलं असेल. एचआरचा माणूस वाचून म्हणणार, विश्रांती घ्यायची तर झोपून राहतील, तुम्ही कशाला हव्या?

खरं काम काय असतं ते लिहून घ्या. पहिले सहा आठवडे बसायचं ते उंच खुर्चीत, गुडघा खुब्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. कमोडला वरून उंच सीट लावायची, भारतीय बैठकीचा संडास अजिबात नाही. रक्त पातळ ठेवायचं औषध बहुधा ३५ दिवस. रात्री लघवीला उठताना माणूस बाजूला हवाच. घरी गेल्यावर पेशंट पुन्हा पडतो तो बहुतेकदा याच वेळी, अंधारात वॉकर न घेता चार पावलं टाकताना. "सहा आठवडे दिवसरात्र मदतनीस आवश्यक, त्यानंतर तपासणी करून ठरवणे" अशी ओळ डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि तारखेसकट मागा. ते देतात, आपण मागत नाही.

आणि वॉकरच्या पायांची रबरी टोपणं बघा. झिजून गुळगुळीत झाली असतील तर आजच बदला, ओल्या फरशीवर तीच सरकतात.

ओंकार_डी (१३ जून, दुपारी ४:३०)

अकाउंट्सचं काम आहे ना? मग अर्धा दिवस घरून मागा. अर्धा पगार तरी चालू राहील. नाहीतर चोवीस तासांची बाई ठेवा आणि कामावर जा.

मृण्मयी_न (१३ जून, संध्याकाळी ७:१५)

बाईची चौकशी केली. ब्यूरोने चोवीस तासांचे रोज १,२०० सांगितले, म्हणजे महिन्याला ३६,०००. माझा पगार ३८,००० आहे. शिवाय काल रात्री नर्सने आधार दिला तरी आई उभी राहीना, मी हात पुढे केला तेव्हा उठली. तिची भीती जायला वेळ लागेल. निदान पहिले सहा आठवडे मला तिच्याजवळ राहायचं आहे, हे माझं ठरलंय.

घरून काम... आमचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या मशीनवरच चालतं. आणि खरं सांगायचं तर दर दोन तासांनी उठवायचं आणि मध्ये व्हाउचर तपासायचं, यात चुका होतील.

गौरी.क (१३ जून, रात्री ९:००)

एक विचारते. आई तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत का, आणि त्यांचा हप्ता तुमच्या पगारातून कापतात का?

मृण्मयी_न (१३ जून, रात्री ९:१२)

हो, दोन्ही. महिन्याला १,१५० कापतात. ऑपरेशन कॅशलेस झालं. का?

गौरी.क (१३ जून, रात्री ९:५०)

कारण माझं नेमकं तिथेच अडलं. वडिलांच्या ऑपरेशननंतर मी दोन महिने बिनपगारी होते. पगारच शून्य, त्यामुळे वडिलांचा हप्ता कापलाच गेला नाही. कुणी मुद्दाम केलं नाही, कापायला पगारच नव्हता. तिसऱ्या महिन्यात घरच्या औषधांची आणि तपासण्यांची बिलं पाठवली, तर उत्तर आलं की यादीत वडिलांचं नाव नाही. डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीत होता, आम्हाला ६० दिवसांपर्यंतचा मिळणार होता. सगळा हातचा गेला. नंतर हप्ता भरते म्हटलं, पण मागच्या तारखेने नाव घालायला तयार झाले नाहीत.

त्याच काळात पॉलिसीचं नूतनीकरणही आलं होतं. आईवडिलांना पुढच्या वर्षी ठेवायचं का, असा मेल सगळ्यांना गेला. माझा गेला ऑफिसच्या आयडीवर, आणि तो मी घरून उघडू शकत नव्हते.

तेव्हा पत्रातच लिहा की रजेच्या काळातला हप्ता मी आगाऊ भरते, कोणत्या खात्यात भरू ते कळवा. आणि स्वतःचा मेल, मोबाइल द्या. तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे दिवस किती आहेत तेही बघा.

मृण्मयी_न (१३ जून, रात्री १०:२५)

गौरी, हे मला सुचलंच नसतं. आत्ता पॉलिसीचा कागद काढला. डिस्चार्जनंतर ६० दिवस. उद्या सोडलं तर १३ ऑगस्टपर्यंत. म्हणजे सगळे दिवस माझ्या रजेतच येतात.

सेवापुस्तक (१४ जून, सकाळी ७:४०)

गौरीताईंचा मुद्दा मी इतकी वर्षं या कामात राहूनही पहिल्यांदा लिहिला नसता. आमच्या वेळी आईवडील पॉलिसीत नसायचेच. याच कारणासाठी राजीनाम्याचा विचार मनात असेल तर काढून टाका. नोकरी सुटली की गटाच्या पॉलिसीतलं नावही जातं.

आता कालावधी. एकदम १ सप्टेंबरपर्यंत मागू नका, आणि अंदाजेही मागू नका. डॉक्टरांची २१ जुलैची तपासणी हा तुमचा खुंटा. २६ जून ते ३१ जुलै मागा. ते ३६ दिवस होतात, मधले रविवार धरून. बिनपगारीत मधले रविवार कापतातच, आधी धरून चाला म्हणजे पगारपत्रक पाहून धक्का बसणार नाही. पुढचा ऑगस्ट गरज लागली तरच, आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवणार ते आत्ताच लिहा. मॅनेजमेंटला ३६ दिवसांना हो म्हणणं सोपं जातं, "तीन महिने" ऐकलं की बदली माणूस शोधायला लागतात.

कामाचीही एक ओळ हवी. तुमच्याकडे काय काय आहे?

मृण्मयी_न (१४ जून, सकाळी ८:०५)

७ तारखेला टीडीएस भरणं, ११ ला आणि २० ला जीएसटीची विवरणं. शिवाय एप्रिल-जून तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ जुलैपर्यंत. शेवटचंच नाजूक आहे, बाकी सहकारी करू शकते. भाऊ २१ तारखेपर्यंत आहे, तेव्हा एक दिवस जाऊन तिला सगळं दाखवून येईन.

सेवापुस्तक (१४ जून, सकाळी ८:२०)

या तारखाच पत्रात घाला. साहेबांना भीती असते ती याच दिवसांची. पण "रोज फोनवर उपलब्ध राहीन" असं लिहू नका. बिनपगारी रजेत तुम्ही काम कबूल केलंत तर ती रजा राहत नाही आणि पगारही नाही.

ओंकार_डी (१४ जून, सकाळी ९:००)

इथे मला पटत नाही. थोडी मदत देऊ केली तर मंजुरी लवकर मिळते. माझ्या टीममधल्या एकाला त्यामुळेच दीड महिना मिळाला.

सेवापुस्तक (१४ जून, सकाळी ९:१०)

मिळाला असेल. ठरावीक वेळ सांगून मदत देणं वेगळं. ताईंनी आपलं आपण ठरवावं.

मृण्मयी_न (१५ जून, रात्री १०:४५)

आईला काल घरी आणलं. डॉक्टरांनी सईताईंच्या शब्दांत नवा कागद दिला, दहा मिनिटांचं काम होतं. आता पत्र असं झालंय:

"विषय: आईच्या शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषेसाठी २६ जून ते ३१ जुलै बिनपगारी रजा मिळणेबाबत.

माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडल्याने ९ जून रोजी शस्त्रक्रिया झाली आणि १४ जून रोजी तिला घरी सोडले. पहिले सहा आठवडे तिला दिवसरात्र मदतनीस आवश्यक असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. घरात तिच्याबरोबर राहणारी मी एकटीच आहे.

माझी शिल्लक पीएल २५ जून रोजी संपते. त्यापुढे २६ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून ३६ दिवस बिनपगारी रजा मंजूर करावी. १ ऑगस्ट रोजी मी कामावर हजर होईन. २१ जुलै रोजी तपासणी आहे. त्यानंतर मुदतवाढ लागल्यास, ती जास्तीत जास्त ३१ ऑगस्टपर्यंत असेल आणि त्याचा अर्ज मी २४ जुलैपर्यंत डॉक्टरांच्या नव्या पत्रासह देईन.

७, ११ आणि २० जुलैची कामे माझ्या सहकारी पाहतील. त्यांना मी १८ जून रोजी कार्यालयात येऊन सर्व समजावून देईन. तिमाही टीडीएस विवरणाच्या शंकांसाठी मंगळवारी व शुक्रवारी दुपारी ३ ते ४ फोनवर बोलू शकेन.

आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता माझ्या पगारातून कापला जातो. रजेच्या काळातील हप्ता मी आगाऊ भरू इच्छिते. कृपया रक्कम व खाते कळवावे. या काळातील सर्व पत्रव्यवहार माझ्या खालील वैयक्तिक मेलवर व मोबाइलवर करावा.

रजा मंजूर झाल्याचे व या काळात माझी सेवा अखंड धरली जाईल असे लेखी कळवावे, ही विनंती."

फोनची वेळ मी घातली, सेवापुस्तक काका. ते विवरण तिला एकटीवर टाकणं मला बरं वाटेना.

सेवापुस्तक (१६ जून, सकाळी ७:१५)

तास ठरवून दिलात, चालेल. बाकी एका शब्दालाही हात लावू नका. मेलने पाठवा, साहेबांना प्रत ठेवा, आणि १८ ला जाल तेव्हा छापील प्रतीवर पोच घ्या.

आनंद_जी (१६ जून, सकाळी ९:३०)

यात पगारवाढीचं काहीच नाही. पुढच्या एप्रिलला रजेचे दिवस वजा करून वाढ देतील. तेही आत्ताच लिहून घ्या.

सेवापुस्तक (१६ जून, सकाळी १०:००)

कंपनीगणिक वेगळं असतं. माझ्या मते आत्ता विचारू नये, एका पत्रात दोन वाद नकोत. पण तुमचं म्हणणं चूक आहे असंही नाही.

मृण्मयी_न (२० जून, रात्री ९:३०)

उत्तर आलं. २६ जून ते ३१ जुलै मंजूर. सेवा अखंड धरली जाईल असं लिहिलंय. ऑगस्टबद्दल "त्या वेळी कामाची निकड पाहून" एवढंच. हप्त्याचे २,३०० जून-जुलैचे म्हणून भरायला सांगितले. जूनचा पगार बराचसा निघणार आहे, त्यातून कापला गेला तर दोनदा होईल, म्हणून मी पगार काढणाऱ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, जूनचा पगारातूनच कापते, तुम्ही जुलैचे १,१५० भरा. ते तिच्याकडून मेलवर मागून घेतलं. नूतनीकरण ऑक्टोबरात आहे.

पगारवाढीचं विचारलं नाही. ते डोक्यात आहे.

आई आज वॉकरवर ओट्यापर्यंत आली, चहात किती साखर घालतेय ते बघायला.

गौरी.क (२० जून, रात्री ९:५५)

भरल्याची पावती जपा, आणि १ ऑगस्टच्या आत एकदा टीपीएच्या ॲपमध्ये आईंचं नाव दिसतंय का बघा.

प्राची_ठाणे (२१ जून, सकाळी ११:२०)

हा धागा आज सापडला. माझ्या सासऱ्यांचं पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. रजा मीच घेणार, पण माझ्या पॉलिसीत माझे आईवडील आहेत, सासू-सासरे नाहीत. "आईवडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी" असा पर्याय होता. मग सासऱ्यांसाठी रजा मागताना कंपनी "अवलंबून नाहीत" म्हणून अडवू शकते का?

सेवापुस्तक (२१ जून, दुपारी १२:१०)

विमा आणि रजा या दोन वेगळ्या गोष्टी, पण धोरणात "कुटुंब" शब्दाची व्याख्या काय दिली आहे ते आधी वाचा. ती ओळ इथे टाका, मग बोलू.